रिकामा रकाना आणि शून्य: सातवीच्या पर्जन्यमापकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

घाटमाथ्याच्या पूर्वेला, जिथे पाऊस कधी झडीने येतो आणि कधी दहा-दहा दिवस तोंड दाखवत नाही, अशा पट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतली ही गोष्ट. सातवीचा वर्ग, अठ्ठावीस मुले, मी त्यांची विज्ञान आणि गणिताची बाई. शाळा आणि मुले ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. आकडे आमच्या वहीतले आहेत.

१६ जूनला शाळा भरली. त्याच आठवड्यात ठरवले की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गाने हवामानाची रोजनिशी ठेवायची. रकाने चारच: पाऊस किती मिलीमीटर, आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी झाकलेत, वारा कुठून येतोय, आणि शेरा. शेऱ्यात मुलांनी आपल्या शब्दांत लिहायचे. भुरभुर, सर, झड, उघडीप हे शब्द त्यांना घरून येतात. कुणाचे आजोबा नक्षत्र सांगायचे, तेही शेऱ्यात जायचे.

पर्जन्यमापक आम्हीच केले. दोन लिटरची थंड पेयाची बाटली खांद्यापाशी कापायची आणि कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवायचा. नरसाळ्यामुळे आतले पाणी उन्हावाऱ्यापासून पुष्कळ वाचते आणि थेंब बाहेर उसळत नाहीत. बाटलीचा तळ पाकळ्यांसारखा खाचाखाचांचा असतो, म्हणून तिथे खडे घालून त्यांवर पाणी ओतले, पाण्याच्या पातळीवर रेघ मारली आणि तिला शून्य म्हटले. रेघेपासून वर मोजपट्टी चिकटवली.

असे तीन मापक तीन गटांनी केले. ‘क’ मैदानात, ‘ख’ खिचडीच्या शेडजवळ, ‘ग’ बागेच्या वाफ्यात. आधी बाटल्या जमिनीत पुरल्या होत्या. पहिल्याच मोठ्या सरीत खड्ड्यात पाणी भरले आणि बाटल्या तरंगून कलल्या. मग पंधरा किलोचे तेलाचे डबे आणले, तळाला भोके पाडली, आत विटांचे तुकडे ठासून बाटली उभी केली आणि तिचा काठ डब्याच्या काठावर चार बोटे राहील असे पाहिले. काठ जमिनीपासून सुमारे फूटभर वर आला की चिखलाचे शिंतोडे आत जात नाहीत.

पहिली अडचण: तीन मापक, तीन पाऊस

जूनअखेर सहा दिवस कडक उघडीप होती. सातव्या दिवशी सकाळी ‘क’ गटातली एक मुलगी वही घेऊन आली.

“बाई, पाणी शून्याच्या रेघेच्या खाली चार मिलीमीटर गेलंय. मग उणे चार पाऊस लिहू का?”

आमच्या वर्गात नुकतेच पूर्णांक शिकवून झाले होते, त्यामुळे तिचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. रेघेपर्यंतचे पाणी वाफ होऊन उडाले होते. पुढे हलकी सर आली असती तर तिचे पहिले चार मिलीमीटर हा खड्डा भरण्यातच गेले असते आणि आम्ही ती सर नोंदवलीच नसती. म्हणजे आमचा मापक नेमका उघडिपीनंतरचा हलका पाऊस गिळत होता. पेरणी झालेल्या शेतकऱ्याला त्याच पावसाची सर्वांत जास्त वाट असते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरी गोष्ट दिसली. तीन दिवसांचे आकडे फळ्यावर मांडले. ‘क’चे २२, ९ आणि १४. ‘ग’चे ४५, १८ आणि २९. ‘ख’चे २४, ९ आणि २७. सगळे मापक एकाच मैदानाच्या कडेकडेने. मुलांनी ठरवूनच टाकले की ‘ग’ गट लबाडी करतोय.

मी म्हटले, आरोप नंतर, आधी आकड्यांकडे बघू. ‘ग’चे आकडे ‘क’च्या जवळजवळ दुप्पट आहेत, आणि तिन्ही दिवस दुप्पट आहेत. चूक शून्याच्या रेघेची असती तर फरक रोज तेवढ्याच मिलीमीटरचा आला असता, दोन मिलीमीटर तर दोन. पट रोज तेवढीच राहते तेव्हा दोष बहुधा तोंडाच्या क्षेत्रफळात असतो. ‘ग’चा मापक उचलून आणला तर उत्तर समोरच होते. कापताना त्यांचे बाटलीचे नरसाळे चिरले होते, म्हणून कुणीतरी घरून रॉकेलचे जुने पत्र्याचे नरसाळे धुऊन आणले होते. तोंड रुंद, बाटली अरुंद. रुंद तोंडाने गोळा केलेले पाणी अरुंद बाटलीत उंच चढणारच.

सातवीत वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र झालेले नसते. म्हणून दोन्ही तोंडे आलेख कागदावर उपडी ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि चौरस मोजले. अर्ध्याहून मोठा तुकडा धरायचा, लहान सोडायचा. बाटलीचे तोंड ९३ चौरस सेंटीमीटर भरले, पत्र्याचे नरसाळे १८९. १८९ भागिले ९३ म्हणजे २.०३. मुलांनी ४५ला २.०३ने भागले आणि २२.२ आले तेव्हा ‘ग’ गट ज्या आवाजात ओरडला तो ऑफिसपर्यंत गेला असणार.

‘ख’चे दुखणे वेगळे होते. दोन दिवस तो ‘क’च्या बरोबर चालला आणि तिसऱ्या दिवशी एकदम दुप्पट. त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिले होते, “पश्चिमेचा जोराचा वारा.” त्या मापकाच्या पाण्यात काजळी आणि गंजाचे कण होते. शेडच्या पत्र्यावरून पागोळ्या वाऱ्याने उडून त्यात पडत होत्या.

पर्याय आणि निर्णय

दोन प्रश्न होते. पुढे कसे मोजायचे, आणि मागच्या तीन आठवड्यांचे काय करायचे.

मोजण्यासाठी एक पर्याय होता तळात मेण किंवा सिमेंट ओतून सपाट करण्याचा. तेवढ्याने उणे पावसाचा प्रश्न सुटला असता, पण बाटलीच्या अंगावर वळ्या असतात, मध्ये ती थोडी आखडते. तिथे मोजपट्टी खोटे बोलते. दुसरा पर्याय होता उंची मोजणेच सोडून द्यायचे. बाटली आतून कोरडी ठेवायची, जमलेले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि मिलीलीटर मोजायचे. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलीमीटर पाऊस. त्याच हिशेबाने ९३ चौरस सेंटीमीटरच्या तोंडावर एक मिलीमीटर म्हणजे ९.३ मिलीलीटर. बाटलीचा आकार कसाही असो, तळ कसाही असो, फरक पडत नाही. महत्त्व फक्त तोंडाच्या क्षेत्रफळाला.

आम्ही दुसरा पर्याय घेतला. प्रयोगपेटीत १०० मिलीलीटरचे मोजपात्र होतेच. १८६ मिलीलीटर आले तर दोनदा ओतायचे, ९.३ने भागायचे, २० मिलीमीटर. मुलांना दशांश अपूर्णांकांचा भागाकार रोज करावा लागला, तो त्यांनी कुरकुर न करता केला, कारण उत्तर त्यांना हवे होते. मोजपात्रात घेण्याइतकेही पाणी नसेल आणि नरसाळे नुसते ओले असेल तर शून्य लिहायचे नाही, ‘टिपूस’ लिहायचे, हेही तेव्हाच ठरले.

मागच्या नोंदींवर वर्गात बराच वाद झाला. काही मुलांना सगळे खोडून ७ जुलैपासून नव्याने सुरुवात करायची होती. पण सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. ‘ग’च्या चुकीची पट ठरलेली होती, मूळ उंची वहीत होती आणि नरसाळे हाताशी होते, म्हणून ते आकडे २.०३ने भागून वाचवता आले. ‘ख’मध्ये किती पागोळ्या कुठल्या दिवशी पडल्या हे सांगायला काहीच साधन नव्हते. त्या आकड्यांवर आडवी रेघ मारून बाजूला कारण लिहिले, आकडे मात्र वाचता येतील असे ठेवले. ‘क’च्या उघडिपीनंतरच्या नोंदीपाशी “३ ते ४ मिमी कमी असण्याची शक्यता” असा शेरा टाकला. ‘ख’ मैदानात हलवला. शेजारच्या वस्तूच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा, हा नियम मला माहीत होता. जूनमध्ये जागा ठरवताना तो मी मुलांपुढे ठेवायलाच हवा होता. शेडजवळ मापक बसत असताना मी तिथे उभी होते.

दुसरी अडचण: दिवस कधी सुरू होतो

माप सुधारल्यावर वेळेतला घोळ दिसू लागला. आमची शाळा साडेदहाला भरते आणि शनिवारी सकाळी साडेसातला. मुले आल्या आल्या मापक बघायची. म्हणजे शुक्रवार साडेदहा ते शनिवार साडेसात हा एकवीस तासांचा ‘दिवस’, आणि तिथून सोमवार साडेदहापर्यंतचा एक्कावन्न तासांचा दुसरा. जुलैच्या मध्याला एका मुलाने आलेख काढला तेव्हा सोमवारचे खांब सगळ्यांत उंच आले. त्याने प्रामाणिकपणे निष्कर्ष लिहिला: “आमच्या गावात सोमवारी जास्त पाऊस पडतो.”

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा असतो आणि ८:३०ला मोजलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. आम्हालाही महसूल मंडळाच्या सरकारी मापकाशी ताळा करायचा होता, तेव्हा तीच वेळ धरणे श्रेयस्कर होते. पण ८:३०ला शाळेत असते कोण? शाळेला लागून असलेल्या वस्तीतली दोन मुले. त्यांनाच मोजायला सांगितले तर उरलेल्या सव्वीस जणांनी नुसते आकडे उतरवून घ्यायचे. साडेदहाची वेळ ठेवली तर काम सगळ्यांचे राहते, पण ताळा जमत नाही.

तोड मुलांतूनच निघाली. वस्तीतल्या मुलांनी ८:३०ला फक्त मापकातले पाणी झाकणाच्या बाटलीत ओतायचे, चिठ्ठीवर तारीख लिहून चिकटवायची आणि मापक पुन्हा बसवायचा. मोजणार वर्ग, शाळा भरल्यावर. रविवारची बाटली सोमवारी मोजायची. शनिवारी शाळा सुरू असतानाच साडेआठ वाजतात, त्यामुळे तो दिवस सोपा गेला. वेळही पाळली जाऊ लागली आणि मोजपात्र प्रत्येकाच्या हातात येत राहिले. या सत्रातली मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच, आणि ती माझी नाही.

तारखेचा गोंधळ मात्र आणखी काही दिवस चालला. एका पानावर पाऊस १९.४ मिमी आणि शेरा “दिवसभर कोरडे, ऊन” असे शेजारी शेजारी दिसले. पाऊस आदल्या संध्याकाळी पडला होता, नोंद नियमाप्रमाणे आजची, शेराही आजचा. दोन्ही खरे आणि वाचणाऱ्याला मात्र विसंगत. मग शेऱ्यात “केव्हा पडला” हे लिहिणे सक्तीचे केले: काल संध्याकाळी, रात्री झोपल्यावर, पहाटे. पुढे सप्टेंबरात हा शेरा फार उपयोगी पडला.

तिसरी अडचण: गणपतीच्या सुट्टीतले सहा दिवस

‘ख’ आणि ‘ग’ मापक सुट्टीत काढून ठेवायचे ठरले होते. ‘क’ चालू ठेवायचा होता. बाटलीत पाणी ओतण्याचे काम त्या आठवड्यात वस्तीतल्या एकाच मुलाकडे होते, कारण दुसरी मुलगी तापाने आजारी होती. सुट्टीनंतर वही पाहिली. सहाही रकाने भरलेले: ५, १०, ०, १५, ५, ०. बेरीज ३५.

मला आधी खटकले ते आकड्यांचे रूप. ९.३ने भागून आलेला पाऊस १२.४ येतो, ७.८ येतो. इतके दिवस आमच्या वहीत पूर्ण आकडा क्वचितच आला होता, आणि इथे सहाच्या सहा पाचाच्या पाढ्यातले. तारखेच्या चिठ्ठ्यांच्या बाटल्या कपाटात नव्हत्या. मैदानात गेले तर ‘क’मध्ये पाणी होते, पुष्कळ होते, आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सहा दिवस ते कुणी ओतले नव्हते. मोजले तर ४२७ मिलीलीटर भरले, म्हणजे ४५.९ मिलीमीटर. थोडे वाफ होऊन उडालेले धरले तर खरा पाऊस त्याहून जास्तच. वहीतल्या ३५शी त्याचा मेळ बसणे शक्य नव्हते.

इथे थांबून विचार करावा लागला. वर्गासमोर विचारायचे की एकट्याला? मी मधल्या सुट्टीत त्याला मैदानात मापकापाशी बोलावले आणि आम्ही दोघांनी मिळून ते पाणी पुन्हा मोजले. काही विचारायच्या आत तोच म्हणाला,

“मामाच्या गावाला गेलो होतो बाई. परत आलो तर सगळं रिकामं. रिकामं ठेवलं असतं तर आमच्या गटाचा तारा गेला असता.”

तारा म्हणजे मीच जुलैत सुरू केलेली पद्धत. ज्या गटाचे आठवड्याचे सगळे रकाने भरलेले, त्याच्या वहीवर एक तारा. मुले नियमित व्हावीत म्हणून केले होते. प्रत्यक्षात मी बक्षीस देत होते भरलेल्या रकान्याला, मग तो कशानेही भरलेला असो. त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे रकाना भरला. मला त्याचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि त्या दुपारी तारे बंद झाले.

पुढचा प्रश्न होता वहीत काय लिहायचे. चार पर्याय फळ्यावर आले. पहिला, ३५ तसेच राहू द्यायचे, हा कुणीच धरला नाही. दुसरा, ४५.९ला सहाने भागून रोजचे ७.६५ लिहायचे. हा बऱ्याच जणांना न्यायाचा वाटला, पण मग सहाही दिवस पाऊस पडल्याचे दिसले असते. हवामान विभाग २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो. भागाकाराने आम्ही सहा पावसाचे दिवस हवेतून निर्माण केले असते. तिसरा, मंडळाच्या मापकाचे रोजचे आकडे उतरवून घ्यायचे. पण ते सात किलोमीटरवरचे आकडे, आमच्या मैदानातले नव्हेत. चौथा पर्याय आम्ही घेतला: पाच दिवसांवर फुली, सहाव्या दिवशी “६ दिवस मिळून ४५.९”. महिन्याची बेरीज शाबूत राहते. पावसाचे दिवस किती, हे त्या आठवड्यापुरते माहीत नाही, आणि वहीत तसेच लिहिलेले राहते.

त्या दिवसापासून रकान्यात चार गोष्टी येऊ लागल्या: आकडा, शून्य, टिपूस आणि फुली. शून्य म्हणजे मी गेलो, पाहिले, पाऊस नव्हता. फुली म्हणजे पाहिलेच नाही. ज्याने रकाने भरले होते त्या मुलानेच हे चार अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले. मी सांगितले नव्हते.

मंडळाच्या आकड्यांशी ताळा

ऑक्टोबरमध्ये आमचे आकडे महसूल मंडळाच्या मापकाशेजारी ठेवले. मुलांची अपेक्षा होती की आता रोजचे आकडे जुळतील. ते जुळले नाहीत, आणि काहींचे चेहरे पडले. “आपलं चुकलं असेल, त्यांचंच लिहू,” अशी सूचनाही आली.

रोजचे आकडे ताडून पाहण्याऐवजी आम्ही झडी ताडल्या: एका कोरड्या सकाळपासून पुढच्या कोरड्या सकाळपर्यंतची बेरीज. त्यामुळे जुलैच्या सुरुवातीच्या, साडेदहाला मोजलेल्या नोंदीही वापरता आल्या. पाऊस साडेआठच्या अलीकडे पडला की पलीकडे, याचा बेरजेवर परिणाम होत नाही. जुलैअखेरच्या, पुष्य नक्षत्रातल्या पाच दिवसांच्या झडीत आमचा पाऊस ११८.६, मंडळाचा १२६. सहा टक्क्यांचा फरक. घरी कापलेल्या बाटलीकडून मला याहून जास्त अपेक्षा नव्हती. आमचा थोडा कमी येतो याची कारणे मुलांना सांगता आली: नरसाळ्याला चिकटून राहिलेले थेंब, थोडी वाफ, वाऱ्याने काठावरून निसटलेला पाऊस.

सप्टेंबरअखेरीपासून मात्र सगळे विस्कटले. हस्ताच्या एका संध्याकाळी आमच्याकडे ३८.७ आणि मंडळात ६. आठवड्याने नेमके उलट, आमच्याकडे टिपूस आणि तिकडे २९. इथे शेऱ्याचा रकाना बोलला. जुलैच्या शेऱ्यांत “रात्रभर झड”, “सकाळपासून संथ” असे होते. सप्टेंबरअखेरच्या शेऱ्यांत “काल ४ वाजता गडगडाट, अर्ध्या तासात थांबला”, “ओढ्याच्या पलीकडे पडत होता, इकडे नाही” असे. झडीचा पाऊस मोठ्या भागावर पसरलेल्या ढगांतून पडतो, सात किलोमीटरने त्याला फार फरक पडत नाही. परतीच्या दिवसांतला वळवासारखा गडगडाटी पाऊस एकेका उंच वाढलेल्या ढगाचा असतो. तो ढग गावाच्या एका शिवारात कोसळतो आणि दुसरे कोरडे ठेवतो. दोन्ही मापक बरोबर असू शकतात आणि आकडे तरीही वेगळे. आम्ही आमचे आकडे बदलले नाहीत.

हे मुलांच्या घरीही पोचले. एका मुलीचे वडील वही बघायला शाळेत आले. मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे त्यांना नुकसानीच्या पंचनाम्यांमुळे चांगले ठाऊक होते. आमच्या वहीत ऑगस्टातल्या एका दिवशी ७१.३ होते आणि मंडळात ५८. त्यांनी विचारले, ही वही कुठे चालेल का? मला नाही म्हणावे लागले. सरकारी हिशेब मंडळाच्या मापकावरच होतो आणि आमची बाटली प्रमाणित नाही. पण त्यांच्या शिवारात त्या रात्री काय पडले याची तारीखवार नोंद त्यांच्या मुलीच्या अक्षरात आहे, आणि तिचा त्यांनी फोटो काढून नेला.

निष्पत्ती

‘क’ मापकाची सत्राची बेरीज ४९६.३ मिमी, मंडळाची ५३८. पावसाचे दिवस चौतीस, गणपतीतले सहा दिवस सोडून. ‘ख’च्या पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी बाद, ‘ग’च्या दुरुस्त. मुलांचा दशांशाचा भागाकार सुधारला हे चाचणीत दिसले. मला जास्त मोलाचे वाटते ते दुसरेच. सहामाहीनंतर एका प्रयोगाच्या वहीत कुणीतरी स्वतःहून “हे वाचन घेतले नाही” असे लिहून फुली मारली होती.

पुन्हा केले तर

पहिल्या दिवसापासून मिलीलीटरने मोजेन. मोजपट्टीची बाटली देखणी दिसते आणि एका नजरेत वाचता येते, म्हणून मी तिला भुलले. क्षेत्रफळ मोजायला आलेख कागद लागतो आणि एक तास जातो, तो तास जूनमध्येच द्यायला हवा होता.

मापक तिन्ही एकाच जागी, हातभर अंतरावर ठेवून पहिले दोन आठवडे चालवेन. तिथे ते जुळले तरच वेगवेगळ्या जागी नेईन. आमच्याकडे जागेची चूक आणि बनावटीची चूक एकात एक मिसळली होती, म्हणून ती सुटायला तीन आठवडे लागले.

सुट्टीचे काम एका मुलावर कधीच टाकणार नाही. आणि सुट्टीत कुणीच नसेल तर तसे आधी कबूल करून मापकाची तयारी तशी करेन. हे शेवटचे आम्ही दिवाळीत करून पाहिले. बाटली कोरडी करून तिच्यात मोजून ५ मिलीलीटर गोडेतेल घातले. पाणी जमले की तेल त्यावर साय धरते, त्यामुळे वाफ जवळजवळ होत नाही आणि अळ्यांनाही श्वास घेता येत नाही. वहीत एकवीस रकाने आखून वीसांवर सुट्टी लागण्याआधीच फुल्या मारल्या.

शाळा भरली त्या सकाळी मोजपात्राभोवती अठ्ठावीस डोकी होती. एकदा १०० आणि वर ३७. गणपतीतल्या त्याच मुलाने तेलाचे ५ वजा केले, १३२ला ९.३ने भागले आणि शेवटच्या रकान्यात लिहिले: “२१ दिवस मिळून १४.२. रोजचा माहीत नाही.”